गाडीच्या किमतीची बोलणी एका निरोपात

जुनी स्कूटर घेताना ‘शेवटचं किती होईल?’ एवढंच विचारलं, तर विकणारा हजार-पाचशे कमी करतो आणि बोलणं तिथेच थांबतं. गाडी पाहून आल्यावर पाठवलेला हिशेबाचा निरोप अधिक काम करतो. मालकाने 42,000 सांगितलेल्या सहा वर्षांच्या स्कूटरसाठी तो असा लिहिता येईल:

‘नमस्कार काका, काल गाडी निवांत दाखवलीत, आभारी आहे. इंजिन चांगलं आहे. पण दोन्ही टायर गुळगुळीत झालेत, बॅटरी सेल्फ उचलत नाही आणि विमा संपलाय. मेकॅनिकने टायरचे 3,200 आणि बॅटरीचे 1,300 सांगितले. थर्ड पार्टी विम्याचे साधारण 850 धरलेत. म्हणून मी 36,500 देऊ शकतो, त्याहून जास्त जमणार नाही. आरसीवर बँकेचं नाव आहे. एनओसी आणि फॉर्म 35 मिळाले की पूर्ण रक्कम लगेच देतो. रविवारपर्यंत कळवाल का?’

यात गाडीला नावं ठेवलेली नाहीत. खर्च मोजून दाखवल्यामुळे मालकाला आकडा तपासता येतो. हे दर मात्र खरोखर विचारलेले हवेत; फुगवलेला एक आकडा सापडला की बाकीच्यांवरही विश्वास बसत नाही.

बँकेच्या कागदांवर मात्र अजिबात सूट देऊ नये. कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवरचा बोजा उतरेपर्यंत गाडी नावावर होताना अडते. नंतर मालकाच्या सह्यांचे फॉर्म 29 आणि 30 लागतातच, तेही व्यवहाराच्या दिवशीच घ्यावेत.