४० स्लाइड्स आणि चार वचनं: कोर्स सांगतो ते खरंच शिकवतो का?

कोर्सच्या पहिल्या स्लाइडवर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, 'हा कोर्स पूर्ण केल्यावर तुम्हाला हे हे करता येईल.' फी आपण या वाक्यांची भरतो. मग पुढच्या स्लाइड्स ती वाक्यं पूर्ण करतात का, हे तपासता येतं. त्यासाठी मोबाइलवरचं गुगल शीट्स आणि तासभर वेळ पुरतो.

मनमाडमध्ये माझा एक मित्र शनिवार-रविवार एसक्यूएलचा क्लास घेतो. नवीन बॅच सुरू होण्याआधी त्याच्या ४० स्लाइड्स आम्ही अशाच तपासल्या. त्याची चार वचनं अशी होती:

- उ१: टेबलमधून हवी ती माहिती काढता येईल.
- उ२: दोन टेबलं जोडून उत्तर काढता येईल.
- उ३: क्वेरी चुकीचं उत्तर देत असेल तर कारण शोधता येईल.
- उ४: छोट्या दुकानासाठी डेटाबेस डिझाइन करता येईल.

आधी वचनाची पायरी ठरवा

बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये विचारांच्या सहा पायऱ्या मांडल्या. २००१ मध्ये सुधारलेल्या रूपात त्या अशा आहेत: १ आठवणं, २ समजणं, ३ वापरणं, ४ विश्लेषण, ५ मूल्यमापन, ६ निर्मिती. आता वचनातलं क्रियापद बघा. 'माहिती काढता येईल' आणि 'जोडून उत्तर काढता येईल' म्हणजे पायरी ३. 'कारण शोधता येईल' म्हणजे ४. 'डिझाइन करता येईल' म्हणजे थेट ६.

मग प्रत्येक स्लाइडची

शीटमध्ये चार कॉलम करा: स्लाइड नंबर, कोणतं वचन, कोणती पायरी, आणि 'इथे विद्यार्थी काय करतो?' पायरीचा आकडा इंग्रजी कीबोर्डवरून टाका, नाहीतर फॉर्म्युला तो मोजणार नाही. स्लाइड कोणत्याच वचनाची नसेल तर तिथे '-' लिहा.

चौथा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा. पायरी स्लाइडच्या शीर्षकावरून ठरत नाही, विद्यार्थ्याला काय करावं लागतं यावरून ठरते. मित्राच्या ३१ व्या स्लाइडचं शीर्षक होतं 'चूक शोधा'. हवं होतं ते असं: यादीतल्या सगळ्या गाड्या, समोर मनमाडचा प्लॅटफॉर्म, आणि गाडी इथे थांबत नसेल तर रिकामी जागा. त्यासाठी ही क्वेरी दिली होती:

```sql
SELECT t.name, s.platform
FROM trains t
LEFT JOIN stops s ON s.train_id = t.id
WHERE s.station = 'MMR';
```

मनमाडला न थांबणाऱ्या गाड्या यात गायबच होतात, कारण `WHERE` ची अट त्या ओळी गाळून टाकते. ती अट `AND` लावून `ON` मध्ये न्यायला हवी. पण हे उत्तर त्याच स्लाइडवर खाली छापलेलं होतं! विश्लेषण मास्तरांनी करून टाकलं, पोरांनी फक्त वाचलं. म्हणून आम्ही ४ ऐवजी २ लिहिलं.

आता मोजा

```
=COUNTIFS(B:B,"उ३",C:C,">=4")
```

शीर्षक, अनुक्रम, धन्यवाद अशा ४ स्लाइड्स सोडल्या तर ३६ उरल्या. उ१ ला १६ मिळाल्या, त्यातल्या ६ पायरी ३ च्या. उ२ ला १२, पण पायरी ३ च्या फक्त २. उ३ ला ३, आणि वरच्या फॉर्म्युल्याचं उत्तर शून्य. उ४ ला एकही स्लाइड नाही. उरलेल्या ५ कोणत्याच वचनाच्या नव्हत्या. त्यात एसक्यूएलचा इतिहास होता.

प्रत्येक वचनाला सहाही पायऱ्या लागत नाहीत. पण वचनाच्या पायरीवर एकही स्लाइड नसेल, तर ते वचन नुसतं कागदावर आहे. आणि थेट वरच्या पायरीची स्लाइड असून खालच्या नसतील, तर पोरं तिथे अडकणार.

दुरुस्ती

३१ वी स्लाइड आम्ही दोन केल्या. पहिलीवर क्वेरी, तिचं आलेलं उत्तर आणि अपेक्षित उत्तर. मग पाच मिनिटं पोरांची. दुसरीवर कारण. शिवाय वेगळी चूक असलेली नवीन क्वेरी शेवटच्या चाचणीत टाकली. तीच क्वेरी पुन्हा विचारली असती तर विश्लेषणाचं पुन्हा पाठांतर झालं असतं. उ४ साठी दोनच दिवसांत जागा नव्हती, म्हणून ते वचन जाहिरातीतूनच काढलं.

या पद्धतीला मर्यादा आहे. वर्गात तोंडी दिलेला सराव स्लाइडवर दिसत नाही, त्यामुळे तो शिक्षकाला विचारून वेगळ्या ओळीत लिहा. शिवाय पायरी ठरवताना मतं वेगळी पडतात. म्हणून दहा स्लाइड्स दोघांनी एकमेकांचं न बघता भरा. आकडे जुळले नाहीत तर चौथा कॉलम वाचा. बहुतेक वेळा एकाने शिक्षक काय करतो ते लिहिलेलं असतं.

कोर्स घ्यायच्या आधी सगळ्या स्लाइड्स मिळणार नाहीत. तरी सगळ्यात मोठं वचन निवडा आणि विचारा, 'हे मी स्वतः कोणत्या स्लाइडवर करून बघणार?'