विश्लेषण : कोबीवरील अळी मारणारे ‘बीटी’ माणसाला का बाधत नाही?

सिन्नर तालुक्यात कोबी आणि फ्लॉवरच्या प्लॉटवर फवारणीची वेळ आली की कृषी सेवा केंद्रात रासायनिक कीटकनाशकांच्या शेजारी एक भुरकट पावडर दिसते. तिला बोलीत नुसते ‘बीटी’ म्हणतात. अळी ती खाऊन मरते. तीच फवारलेली कोबी धुऊन, चिरून घराघरांत भाजीला पडते. एकाला विष आणि दुसऱ्याला साधे प्रथिन, असे का होते? आणि हे औषध काही प्लॉटमध्ये ‘चालत नाही’ असे शेतकरी का म्हणतात?

बीटी म्हणजे नेमके काय?

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत सर्वत्र आढळणारा जिवाणू. जपानमध्ये रेशीमकिडे अचानक मरू लागले, त्याचा शोध घेताना शिगेताने इशिवाता यांना १९०१ मध्ये तो सापडला. पुढे जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात पिठातील अळीच्या रोगाचा अभ्यास करताना अर्न्स्ट बर्लिनर यांनी १९११ मध्ये त्याचे वर्णन केले आणि प्रांताचे नाव त्याला चिकटले. फ्रान्समध्ये १९३८ मध्ये त्याचे पहिले व्यापारी उत्पादन आले.

अन्न संपत आले की हा जिवाणू टिकून राहण्यासाठी बीजाणू तयार करतो. त्याच वेळी पेशीत प्रथिनाचा एक स्फटिकही साठवतो. हाच ‘क्राय’ प्रथिनांचा स्फटिक. पाकिटात बीजाणू आणि स्फटिक दोन्ही असतात. भाजीपाल्यावरील अळ्यांसाठी ‘कुरस्टाकी’ ही उपजात वापरली जाते. डासांच्या अळ्यांसाठीची ‘इस्रायलेन्सिस’ वेगळी; ती कोबीवर मारून उपयोग नाही.

अळी कशी मरते?

बीटी अंगावर पडून काम करत नाही, ते पोटात जावे लागते. कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी पानाच्या खालच्या बाजूने हिरवा भाग खरवडून खाते, तेव्हा स्फटिक तिच्या मध्यांत्रात पोहोचतो. तिथला रस तीव्र अल्कधर्मी असतो, सामू साधारण ९ ते १० किंवा त्याहून जास्त. या रसात स्फटिक विरघळतो. मात्र सुटलेले प्रथिन अजून निष्क्रिय असते. अळीचीच पाचक विकरे त्याचा जवळपास निम्मा भाग कापून टाकतात आणि उरलेला तुकडा विषारी बनतो.

हा तुकडा आतड्याच्या पेशींवरील ठरावीक ग्राही प्रथिनांना जाऊन चिकटतो. ग्राही म्हणजे कुलूप आणि विषाचा तुकडा म्हणजे किल्ली समजा. किल्ली बसली की अनेक तुकडे एकत्र येऊन पेशीच्या आवरणात छिद्र पाडतात. छिद्रातून पाणी शिरून पेशी फुगते आणि फुटते. आतडे लुळे पडते, अळीचे खाणे काही तासांत थांबते. फाटलेल्या आतड्यातून जिवाणू शरीरात पसरतात आणि दोन ते पाच दिवसांत ती मरते.

मग माणूस कसा सुटतो?

याची कारणे दोन. पहिले, माणसाच्या जठरात रस तीव्र आम्लधर्मी असतो. रिकाम्या पोटी सामू दीड-दोनच्या आसपास. तिथे पेप्सिन हे विकर अशा प्रथिनाचे तुकडे करते, डाळीतील किंवा अंड्यातील प्रथिनाचे करते तसेच. प्रयोगशाळेत कृत्रिम जठररसात ठेवलेले क्राय१ गटातील प्रथिन अल्पावधीत विघटित झालेले दिसते.

पण केवळ आम्लावर भिस्त ठेवता येत नाही. जठराचा रस कधी कमी आम्लधर्मी असतो आणि सर्वच प्राण्यांचे पोट माणसासारखे नसते. म्हणून दुसरे कारण अधिक महत्त्वाचे : माणसाच्या आतड्यात या किल्लीला बसणारे कुलूपच नाही. प्रथिन पुढे सरकले तरी चिकटायला जागा नाही आणि चिकटले नाही तर छिद्र पडत नाही. याच कारणाने कुरस्टाकी बीटीचा मधमाशी, लेडीबर्ड भुंगा आणि क्रायसोपा या मित्रकीटकांवर विशेष परिणाम होत नाही. मात्र रेशीमकिडा हाही पतंगाचीच अळी आहे. तुतीच्या बागेजवळ हे फवारणे म्हणजे स्वतःच्याच शेडवर संकट ओढवून घेणे.

सुरक्षित याचा अर्थ निष्काळजीपणा चालतो असा नाही. पावडर श्वासातून जाऊ नये, डोळ्यांत उडू नये. फवारताना मास्क आणि चष्मा हवाच. पाकिटातील बीजाणू जिवंत असल्याने भाजी धुऊनच वापरावी.

एका एकरात फवारणी कशी बसते?

लेबलवर साधारण हेक्टरी अर्धा ते एक किलो मात्रा दिलेली असते. म्हणजे एकरी २०० ते ४०० ग्रॅम. एकराला २०० लिटर पाणी लागत असेल आणि पूर्ण मात्रा घ्यायची असेल, तर लिटरला २ ग्रॅम, १५ लिटरच्या पंपाला ३० ग्रॅम पावडर पडते. आपल्या पाकिटावरचा आकडा वेगळा असेल तर तोच धरावा.

वेळ चुकली की औषध वाया जाते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण स्फटिक आणि बीजाणू दोन्ही निकामी करतात, त्यामुळे फवारणी सायंकाळी करतात. अळी लहान असताना, म्हणजे पानावर नुसत्या पारदर्शक खिडक्या दिसू लागल्यावर, परिणाम सर्वात चांगला मिळतो. अळी गड्ड्यात शिरली की तिच्यापर्यंत फवारा पोहोचत नाही. पानाची खालची बाजू भिजली पाहिजे. कोबीचे पान मेणचट असल्याने चिकट द्रव्य मिसळावे लागते. बोअरचे पाणी फार अल्कधर्मी असेल तर स्फटिक टाकीतच विरघळू लागतो. ताम्रयुक्त बुरशीनाशक किंवा स्ट्रेप्टोसायक्लिनसारखे प्रतिजैविक एकत्र केले तर जिवाणूच मरतो.

निकालही नीट वाचावा लागतो. दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणजे औषध फसले असे नाही. खुणेची काही झाडे निवडून ताजी छिद्रे आणि ताजी विष्ठा पाहावी. ती थांबली असेल तर अळी उपाशी आहे. चौथ्या दिवशी त्याच झाडांवरील जिवंत अळ्या मोजाव्यात. मेलेल्या अळ्या मऊ पडून काळ्या झालेल्या दिसतात.

औषध ‘चालेनासे’ कधी होते?

चौथ्या दिवशीही ताजे खाणे सुरू असेल, पाकिटाची मुदत, वेळ आणि पाणी सारे बरोबर असेल, तर प्रतिकारशक्तीचा संशय घ्यावा. बीटी फवाऱ्याला शेतात प्रतिकार करणारी पहिली कीड हीच, चौकोनी ठिपक्यांचा पतंग. हवाईतील शेतांवरून ब्रूस टॅबाश्निक आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ते नोंदवले. तिथे वारंवार बीटीच फवारले जात होते.

कारण पुन्हा कुलपाशीच येते. काही थोड्या अळ्यांत ग्राही जन्मतःच बदललेला असतो, किल्ली बसत नाही. प्रत्येक फवारणीत बाकीच्या मरतात, याच उरतात आणि त्यांचीच पिढी वाढते. माणसाला वाचवणारी गोष्टच इथे अळीला वाचवते. उन्हात या पतंगाची पिढी दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते, त्यामुळे हा बदल लवकर फैलावतो.

म्हणून एकाच हंगामात सलग बीटी न मारता, वेगळ्या पद्धतीने काम करणारे औषध मध्ये घेतात. दुसरा उपाय मोहरीचा : कोबीच्या दर २५ ओळींना मोहरीची जोडओळ लावली तर पतंग अंडी घालायला मोहरीकडे वळतो. कोबीवर अळी जितकी कमी, तितक्या फवारण्या कमी आणि बीटीचा उपयोगही तितका जास्त काळ टिकतो.