पासवर्ड बरोबर, तरी बँकेचा नकार

गावोगावच्या दूधसंस्थांमध्ये दर दहा दिवसांनी बिल निघतं आणि उत्पादकांच्या खात्यात पैसे जमा होतात. समजा, अशा एका संस्थेचं हिशोबाचं सॉफ्टवेअर क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर चालतं. बिलाच्या दिवशी ते बँकेच्या सर्व्हरला खाती आणि रकमा कळवतं आणि बँक पैसे वळते करते. एरवी सुरळीत चालणाऱ्या या व्यवहारात एका सकाळी बँकेकडून एवढंच उत्तर येतं: `403 Forbidden`. पासवर्ड तोच आहे, सॉफ्टवेअरमध्येही कुणी हात घातलेला नाही. गंमत म्हणजे ऑफिसातल्या लॅपटॉपवरून तीच विनंती, त्याच पासवर्डने पाठवली की बँक ती स्वीकारते.

अशा वेळी बहुतेक जण पासवर्ड बदलतात, नवी किल्ली मागवतात, सॉफ्टवेअरवाल्याला दोष देतात. त्यात अख्खा दिवस जातो. खरं तर कारणाकडे नेणारी खूण समोरच असते: एका नेटवर्कवरून काम होतं, दुसऱ्यावरून होत नाही.

आकड्यांचा अर्थ आधी पाहू. पासवर्ड किंवा किल्ली चुकली, तर सर्व्हरने 401 हे उत्तर द्यावं असा संकेत आहे. विनंती पोहोचलीच नाही, तर कोणताही आकडा येत नाही. वाट पाहून जोडणी तुटते. 403 म्हणजे विनंती पोहोचली, समजली, पण ती मान्य करायला नकार आहे. खात्याला तो अधिकार नसेल तरी 403 येतो. पण तेच खातं दुसऱ्या नेटवर्कवरून चालत असेल, तर अधिकाराची शंका मिटते. नकार माणसाला नसून तो जिथून आला त्या पत्त्याला आहे.

हा पत्ता म्हणजे आयपी ॲड्रेस. पैशांच्या व्यवहारासाठी सर्व्हर जोडताना बँका फक्त पासवर्डवर विसंबत नाहीत. विनंत्या कोणत्या आयपीवरून येतील ते आधी लिहून मागतात आणि तेवढेच पत्ते ‘व्हाइटलिस्ट’ करतात. यादीबाहेरून आलेल्याला पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नसतो. आपल्या उदाहरणात संस्थेने जोडणीच्या वेळी ऑफिसचा आणि क्लाउड सर्व्हरचा असे दोन पत्ते दिले होते. सर्व्हरचा पत्ता होता `203.0.113.25`.

मग बिघडलं काय? आदल्या रात्री देखभालीसाठी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला गेला. ॲमेझॉनच्या क्लाउडवर सर्व्हरला आपोआप मिळणारा सार्वजनिक पत्ता तो चालू असेपर्यंतच त्याचा असतो. सर्व्हर नुसता रीबूट केला तर पत्ता टिकतो. पूर्ण थांबवून पुन्हा चालू केला तर जुना पत्ता कंपनीकडे परत जातो आणि नवा मिळतो. कायमचा पत्ता हवा असेल तर ‘इलॅस्टिक आयपी’ वेगळा घ्यावा लागतो. संस्थेने तो घेतला नव्हता. म्हणून एका रात्रीत, कुणाच्याही नकळत, ती बँकेच्या दृष्टीने अनोळखी झाली.

हे तपासायला एक ओळ पुरते. ती त्या सर्व्हरवरच चालवायची. लॅपटॉपवर चालवली तर लॅपटॉपचा पत्ता दिसेल.

```
curl https://checkip.amazonaws.com
```

उत्तर येतं `203.0.113.140`. बँकेकडे नोंद आहे 25ची. निदान झालं.

सर्व्हर जास्त असतील तर आणखी एक चूक हमखास होते. बँक पत्ता मागते तेव्हा लोक आपल्या संकेतस्थळाचं नाव शोधून त्यासमोरचा आयपी देऊन टाकतात. पण वाड्याला पुढचा आणि मागचा दरवाजा असतो, तसं इथे येण्याचं आणि जाण्याचं दार वेगळं असू शकतं. ग्राहकांच्या विनंत्या लोड बॅलन्सरच्या पत्त्यावर येतात; सर्व्हर स्वतः बाहेर बोलतो तेव्हा तो बहुधा एनएटी गेटवेच्या पत्त्यावरून निघतो. बँकेला दिसतो हा निघण्याचा पत्ता, आणि नोंदवायचाही तोच. असे गेटवे दोन असून नोंद एकाचीच झाली, तर काही विनंत्या पार पडतात आणि काही अडतात. सकाळी चाललं, दुपारी नाही, असा अनुभव आला तर बाहेर पडण्याचे सगळे मार्ग मोजावेत.

देशानुसार होणारी अडवणूकही याच जातीची. काही सेवा भारताबाहेरून आलेल्या विनंत्या सरसकट नाकारतात. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांना इथली काही सरकारी संकेतस्थळं उघडत नाहीत, त्यामागे बरेचदा हेच कारण असतं. ॲमेझॉनच्या क्लाउडफ्रंट सेवेमार्फत अशी बंदी घातलेली असेल, तर नकाराच्या पानावर `configured to block access from your country` असं स्पष्ट वाचायला मिळतं. मात्र आयपीवर देशाचं नाव लिहिलेलं नसतं. कोणता पत्ता कोणत्या देशात वापरला जातो, याचे तक्ते काही कंपन्या नोंदी आणि अंदाज जुळवून बनवतात. पत्त्यांचे गट एका कंपनीकडून दुसरीकडे विकले जातात आणि तक्ता मागे राहतो. त्यामुळे मुंबईतला सर्व्हरही कधी परदेशी ठरू शकतो. आणि सर्व्हर मुंबईहून सिंगापूरला हलवला, तर दूधसंस्था गावातच असली तरी तिची विनंती परदेशातून आलेली ठरते.

आता दुरुस्ती. घाईत नवा पत्ता बँकेला कळवला की पैसे सुटतील, पण सर्व्हर पुन्हा बंद झाला की तीच अडचण उभी राहील. म्हणून आधी कायमचा पत्ता घ्यावा, मग तोच बँकेकडे नोंदवावा. बँकेला लिहिताना ‘लॉगिन होत नाही’ एवढंच लिहू नये. कोणत्या आयपीवरून, किती वाजता विनंती पाठवली, काय उत्तर आलं, आणि उत्तरासोबत विनंतीचा क्रमांक आला असेल तर तोही द्यावा. तेवढ्यावर बँकेच्या तंत्रज्ञाला आपल्या नोंदींमध्ये तो नकार शोधता येतो. ठरवून पत्ता बदलायचा असेल तर नवा पत्ता आधी यादीत घालून, त्यावरून एक विनंती पार पडल्यावरच जुना सोडावा. मोबाइल डेटाचा पत्ता यादीत कधीच देऊ नये. तो बदलत राहतो आणि एकाच वेळी अनेक ग्राहकांचा असतो.

शेवटची पायरी सर्वांत जास्त विसरली जाते. संस्थेने सोडलेला 25 क्रमांकाचा पत्ता क्लाउड कंपनी दुसऱ्या कोणत्याही ग्राहकाला देऊ शकते. बँकेच्या यादीत तो तसाच राहिला, तर त्या अनोळखी ग्राहकाच्या सर्व्हरसाठी पत्त्याची अट आपोआप पूर्ण होते आणि उत्पादकांच्या पैशांचं रक्षण एकट्या पासवर्डवर उरतं. तेव्हा नव्या पत्त्यावरून पैसे जमा झाले म्हणून काम संपलं असं समजू नका. जुना पत्ता यादीतून काढायला बँकेला लेखी कळवा, आणि तो काढल्याचं उत्तर हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.