वाफेच्या वजनातून समतोल स्थिरांक: फॉस्फरस पेंटाक्लोराइडचे उदाहरण

फॉस्फरस पेंटाक्लोराइड हा पिवळसर पांढरा स्थायू सुमारे १६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवला की न वितळताच त्याची वाफ होते. एका रेणूत फॉस्फरसचा एक आणि क्लोरीनचे पाच अणू असल्याने त्याचे रेणुवस्तुमान २०८.२ येते. याच रेणूंची वाफ हवेशी तोलली, तर ती तेवढ्याच आकारमानाच्या, त्याच तापमानाच्या आणि दाबाच्या हवेपेक्षा ७.२० पट जड भरायला हवी. फ्रेंच रसायनज्ञ ऑग्युस्त काऊर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ही मोजमापे केली, तेव्हा एकाही तापमानाला हा आकडा मिळाला नाही. १८२ अंशांना वाफ हवेच्या ५.०८ पट भरली, २०० अंशांना ४.८५ पट आणि २५० अंशांना ४.०० पट. ३०० अंशांच्या पुढे मात्र आकडा ३.६५ च्या आसपास थबकला.

त्या काळी हा गोंधळात टाकणारा निकाल होता. समान तापमान आणि दाब असताना वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते, या ॲव्होगॅड्रोच्या नियमावरच काहींनी शंका घेतली. उत्तर मात्र आकड्यातच दडलेले होते. ७.२० चे निम्मे ३.६०, आणि घनता उतरत उतरत नेमकी त्याच्या जवळ येऊन थांबते. याचा अर्थ एका रेणूच्या जागी दोन रेणू झाले आहेत. पेंटाक्लोराइडचा रेणू तुटून ट्रायक्लोराइड आणि क्लोरीन असे दोन रेणू तयार होतात:

PCl₅ ⇌ PCl₃ + Cl₂

पुरावाही लवकरच जमला. हिरवट पिवळा रंग ही क्लोरीनची ओळख. तापमान वाढेल तसा वाफेचा हा रंग गडद होत जातो, हे सेंट-क्लेअर डेव्हिल यांनी दाखवले. १८६३ मध्ये वँकलिन आणि रॉबिन्सन यांनी वाफेचे विसरण करून पाहिले, तेव्हा हलका क्लोरीन ट्रायक्लोराइडला मागे टाकून पुढे निघून गेला. एकसंध रेणूंच्या वाफेत अशी फारकत होणेच शक्य नाही. तुटलेले रेणू थंड झाल्यावर पुन्हा जुळतात, म्हणूनच याला अपघटन न म्हणता विचरण म्हणतात, आणि एकूण रेणूंपैकी जितका भाग तुटला असेल त्याला विचरण मात्रा. हा अपूर्णांक α या अक्षराने दाखवतात.

घनतेवरून α काढण्याचा मार्ग सरळ आहे. सुरुवातीला पेंटाक्लोराइडचा एक मोल घेतला आणि त्यातला α एवढा भाग तुटला, तर शिल्लक (१ − α) मोल राहतात. ट्रायक्लोराइडचे α मोल आणि क्लोरीनचेही α मोल तयार होतात. बेरीज (१ + α). वस्तुमान मात्र होते तेवढेच राहते, कारण भांड्यातून काहीच बाहेर गेलेले नाही. दाब आणि तापमान तेच असेल, तर रेणूंची संख्या (१ + α) पट झाल्यावर वाफेला जागाही तितक्याच पट लागते आणि घनता त्याच प्रमाणात उतरते. विचरण नसतानाची घनता D आणि मोजलेली घनता d धरली, तर

D / d = १ + α, म्हणजेच α = (D − d) / d

रसायनशास्त्रात बाष्प घनता हवेशी न मोजता हायड्रोजनशी मोजण्याची रूढी आहे आणि ती रेणुवस्तुमानाच्या निम्मी येते; म्हणून पेंटाक्लोराइडसाठी D = १०४.१. तुलना हवेशी करा वा हायड्रोजनशी, α वर काही फरक पडत नाही. फक्त D आणि d एकाच मापात हवेत.

मोजमापासाठी ड्यूमा यांची पद्धत सोयीची पडते. लांब, निमुळत्या मानेचा काचेचा फुगा कोरडा करून तोलतात. त्यात थोडा जास्तच पेंटाक्लोराइड घालून तो ठरावीक तापमानाच्या तेलात बुडवतात. मानेचे टोक तेवढे वर राहते. पदार्थाची वाफ होऊ लागली की ती आतली हवा आणि स्वतःचा जादा भाग त्या टोकातून बाहेर ढकलते. वाफ बाहेर येणे थांबले, की फुग्यात बाहेरच्या हवेइतक्याच दाबाची, तेलाच्या तापमानाची वाफ उरलेली असते. त्याच क्षणी टोक ज्योतीने वितळवून बंद करायचे, वायुदाब टिपून ठेवायचा आणि फुगा थंड झाल्यावर पुन्हा तोलायचा. थंड होताना तुटलेले रेणू पुन्हा जुळून भिंतीवर स्फटिक जमतात. त्याने काही बिघडत नाही, कारण जुळले तरी वजन बदलत नाही. सगळा भरवसा या एका गोष्टीवर आहे.

उदाहरणादाखल २५० मिलिलिटरचा फुगा, २५० अंश तापमान (५२३ केल्विन) आणि एक ॲटमॉस्फिअर दाब घेऊ. समजा, आत अडकलेल्या वाफेचे वस्तुमान ०.६७४ ग्रॅम निघाले. म्हणजे एका लिटरला २.६९६ ग्रॅम. या तापमानाला आणि दाबाला कोणत्याही आदर्श वायूच्या एका मोलला ०.०८२१ × ५२३ = ४२.९ लिटर जागा लागते. त्यावरून एका मोलचे सरासरी वस्तुमान २.६९६ × ४२.९, म्हणजे सुमारे ११५.७ ग्रॅम येते. त्याचे निम्मे, ५७.८५, ही मोजलेली बाष्प घनता.

α = (१०४.१ − ५७.८५) / ५७.८५ = ०.८०

म्हणजे दर शंभर रेणूंमागे ऐंशी तुटलेले आहेत. काऊर यांच्या ४.०० या आकड्यावरून हिशोब केला तरी (७.२० − ४.००) / ४.०० = ०.८० हेच उत्तर येते.

या प्रयोगात हमखास होणारी चूक वजन घेण्यातली असते. रिकामा फुगा तोलला जातो तेव्हा तो हवेने भरलेला असतो. दुसऱ्या वेळी ती हवा आत नसते. २५ अंशांना २५० मिलिलिटर हवेचे वस्तुमान सुमारे ०.२९६ ग्रॅम असते. त्यामुळे वरच्या उदाहरणात तराजूवर दिसणारी वाढ फक्त ०.३७८ ग्रॅम असेल, आणि तिच्यात ही हवा मिळवली तरच ०.६७४ मिळेल. हे विसरले तर बाष्प घनता ३२.५ च्या आसपास येते. अशी चूक लगेच पकडता येते. सगळेच्या सगळे रेणू तुटले तरी घनता १०४.१ च्या निम्म्याखाली, म्हणजे सुमारे ५२ च्या खाली, जाऊच शकत नाही. त्याहून कमी आकडा आला किंवा α एकापेक्षा मोठी निघाली, तर दोष पदार्थाचा नसून मोजणीचा.

दुसरी चूक इतकी उघड नसते. पेंटाक्लोराइडला पाण्याचे वावडे आहे. दमट हवेत बाटली उघडताच पांढरा धूर निघतो, तो हायड्रोजन क्लोराइडचा. पाण्याचा एक रेणू पेंटाक्लोराइडच्या एका रेणूशी अभिक्रिया करतो तेव्हा ऑक्सिक्लोराइडचा एक आणि हायड्रोजन क्लोराइडचे दोन रेणू तयार होतात. फुगा नीट वाळवला नसेल, तर रेणूंची संख्या विचरणाशिवायच वाढते आणि α फुगून येते. उत्तर मर्यादेच्या आतच राहते, त्यामुळे शंकाही येत नाही.

α मिळाली की समतोल स्थिरांक जवळच असतो. वायूंच्या मिश्रणात प्रत्येक घटकाचा आंशिक दाब हा त्याच्या मोलांच्या प्रमाणात असतो. एकूण दाब P असेल, तर पेंटाक्लोराइडचा वाटा P(१ − α)/(१ + α), आणि ट्रायक्लोराइड व क्लोरीन यांचा प्रत्येकी Pα/(१ + α). दोन उत्पादितांच्या दाबांच्या गुणाकाराला पेंटाक्लोराइडच्या दाबाने भागले की

Kp = α²P / (१ − α²)

२५० अंशांना α = ०.८० आणि P = १ ॲटमॉस्फिअर, म्हणून Kp = ०.६४ / ०.३६ = १.७८ ॲटमॉस्फिअर. दाबाऐवजी संहती हवी असेल, तर याला ४२.९ ने भागायचे. Kc सुमारे ०.०४१ मोल प्रति लिटर येतो. २०० अंशांना काऊर यांच्या ४.८५ वरून α = ०.४८ आणि Kp सुमारे ०.३१ निघतो. तापमान पन्नास अंशांनी वाढताच स्थिरांक जवळजवळ सहा पट होतो, यावरून विचरणाला उष्णता लागते हे स्पष्ट दिसते.

विचरण मात्रा आणि स्थिरांक यांतला फरक दाब बदलला की कळतो. २५० अंश कायम ठेवून दाब दोन ॲटमॉस्फिअर केला, तर Kp १.७८ च राहतो, पण α उतरून सुमारे ०.६९ होते आणि बाष्प घनता ६१.७ च्या आसपास चढते. दाब अर्धा केला, तर α ०.८८ पर्यंत जाते. म्हणून दाब न सांगता दिलेली विचरण मात्रा अपुरी असते. वेगवेगळ्या दाबांना मोजून दर वेळी Kp सारखाच आला, तरच विचरणाचे गृहीतक आणि प्रयोग दोन्ही ठीक आहेत असे म्हणता येते. वुर्ट्‌झ यांनी १८७३ मध्ये दुसऱ्या वाटेने हीच खातरजमा केली होती. ट्रायक्लोराइडच्या भरपूर वाफेत पेंटाक्लोराइडची वाफ केली, तेव्हा विचरण दबले गेले आणि घनता जवळपास मूळ मूल्यावर परतली. व्हिक्टर मायर यांची पद्धत मात्र इथे उपयोगी नाही. तीत पदार्थाची वाफ हवेत मिसळते, तिचा स्वतःचा दाब किती हे कळत नाही, आणि P माहीत नसेल तर सूत्रात घालायला काही उरत नाही.

सूत्राची धार सगळीकडे सारखी नसते. २५० अंशांना घनता मोजताना ४.०० ऐवजी ३.९७ किंवा ४.०३ आली, तर Kp १.९६ किंवा १.६२ येतो, दहा टक्क्यांच्या आसपासचा हा फरक चालवून घेता येतो. ३०० अंशांना ३.६५ वरून Kp १७.५ निघतो, पण तेवढ्याच चुकीने, म्हणजे ३.६८ किंवा ३.६२ मोजले गेले, तर तो ११ तरी होतो किंवा ४५ तरी. विचरण पूर्णत्वाला आले की (१ − α²) शून्याजवळ जाते आणि मोजणीतली एक टक्क्याहूनही लहान चूक भागाकारात कैक पट मोठी होते. त्यामुळे या पदार्थासाठी एक ॲटमॉस्फिअर दाबाला २०० ते २५० अंशांमधली मोजमापेच भरवशाची धरावीत. त्याहून जास्त तापमानाचा स्थिरांक हवा असेल, तर दाब वाढवून α खाली आणावी आणि मगच घनता मोजावी.