दोन केसपेपर, एक सुनंदाबाई

महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या संगणकात १ जून ही जन्मतारीख टाकून शोध घ्या, पडदा भरून नावं येतील. शाळा जूनमध्ये उघडायची, मुलाचं वय प्रवेशापुरतं भरायला हवं, म्हणून गुरुजींनी दाखल्यावर १ जून लिहून टाकली. एक पिढीच्या पिढी त्या दिवशी जन्मली. त्याच संगणकात १ जानेवारीला जन्मलेल्यांचीही अशीच गर्दी असते, पण ती यंत्राची करणी. खिडकीवर कोणी नुसतं वय सांगितलं की बरीच सॉफ्टवेअरं त्या वर्षाची पहिली तारीख स्वतःच भरून टाकतात.

एकाच रुग्णाच्या दोन नोंदी झाल्या की त्या जोडताना पहिली ठेच इथेच लागते. एक काल्पनिक, पण रेकॉर्ड विभागातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल असं उदाहरण घेऊ. पहिली नोंद २००९ची: सुनंदा रामचंद्र शिंदे, जन्म १ जून १९६१, मधुमेह टाइप २, पेनिसिलिनने अंगावर पुरळ, २०११मध्ये याच रुग्णालयात पित्ताशय काढलेलं. दुसरी २०२३ची, रात्री दोनला तातडीच्या विभागात केलेली: शिंदे सुनंदाबाई आर., पुतण्याने सांगितलेलं वय ५८, म्हणून जन्म १ जानेवारी १९६५, मधुमेह टाइप १, अ‍ॅलर्जी नाही. रक्तगट दोन्हीकडे बी पॉझिटिव्ह.

ही एकच बाई आहे का? अशा प्रश्नाचं गणित इव्हान फेलेगी आणि अ‍ॅलन सुंटर यांनी १९६९मध्ये मांडलं, आणि नोंदी जुळवणारी अनेक सॉफ्टवेअरं अजून त्याच पायावर उभी आहेत. त्यांचा मुद्दा साधा आहे. दोन नोंदींत एखादी गोष्ट जुळली, तर ती किती दुर्मीळ आहे यावर त्या जुळण्याला गुण द्यायचे. शिंदे आडनाव जुळलं तर थोडे गुण, एखादं तालुक्यात दोनच घरांचं आडनाव जुळलं तर भरपूर. बी पॉझिटिव्ह हा आपल्याकडे सर्रास आढळणारा गट, त्यामुळे तो जुळला म्हणून फारसं काही सिद्ध होत नाही. न जुळला असता तर मात्र तिथेच थांबावं लागलं असतं. याच न्यायाने दोन नोंदींत १ जून जुळणं हा अगदीच लंगडा पुरावा, आणि १ जून विरुद्ध १ जानेवारी हा विरोधही तितकाच लंगडा. दोन्ही तारखा मुळात कुणी पाहिलेल्याच नाहीत. परदेशात बनलेलं सॉफ्टवेअर हे आपणहून ओळखत नाही. त्याला इथल्या तारखांची वारंवारता शिकवावी लागते.

शेवटी सुनंदाबाईंची ओळख पटली ती मुलाच्या मोबाइल नंबरावरून आणि पत्त्यावरून. पण जोडणीआधी रेकॉर्ड विभागातल्या बाईंच्या नजरेला एक गोष्ट खटकली. २०२३च्या सोनोग्राफीत लिहिलं होतं, पित्ताशय नॉर्मल. बारा वर्षांपूर्वी काढलेलं पित्ताशय परत उगवत नाही. म्हणजे या दोन वेगळ्या बाया तर नव्हेत? अशी शंका आली की जोडणी थांबवायची, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. एकाच्या दोन फाइली राहिल्या तर तपासण्या दुबार होतात, जुनी माहिती सापडत नाही. दोन माणसांची एक फाइल झाली, तर एकीचं औषध दुसरीला जातं, आणि कुणाला संशयही येत नाही, कारण फाइल दिसायला भरगच्च, छान दिसते.

खुलासा निघाला तो पोटावर. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे बारीक व्रण पाहिले, आणि रेडिओलॉजिस्टने जुन्या प्रतिमा पुन्हा उघडल्या. पित्ताशय नव्हतंच. रिपोर्टचा छापील साचा भरताना ते नॉर्मलचं वाक्य तसंच राहून गेलं होतं. रिपोर्टला दुरुस्तीची पुरवणी जोडली गेली, मगच पुढचं काम सुरू झालं.

आता तीन भांडणं मिटवायची, आणि प्रत्येकाचा न्याय वेगळा. ‘नवी नोंद खरी’ असा एकच नियम लावला तर सुनंदाबाईंचा घात झाला असता.

जन्मतारीख कागदावरून ठरते, आणि कुठल्या कागदावरून तेही नोंदवायचं असतं. पालिकेचा जन्मदाखला सर्वांत वर, पण जन्मनोंदणीचा केंद्रीय कायदाच १९६९चा, त्याआधीच्या अनेकांकडे दाखला नसतो. आधारवरही काहींचं फक्त जन्मवर्ष असतं. सुनंदाबाईंच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून १९६१ होतं, म्हणून तेच ठेवलं, शेजारी ‘शाळेच्या दाखल्यावरून’ अशी खूण करून. साठीतल्या बाईच्या उपचारात चार वर्षांनी फारसा फरक पडत नाही. नवजात बाळाच्या बाबतीत मात्र काविळीचा आकडा जन्मानंतरच्या तासांवर वाचतात, तिथे एका दिवसाची चूकही महाग पडते.

अ‍ॅलर्जीत निवड करायचीच नसते, बेरीज करायची असते. ‘नाही’ हा शब्द ‘पेनिसिलिन’ला खोडू शकत नाही, कारण रात्री दोनला पुतण्याला माहीत नव्हतं, एवढाच त्या ‘नाही’चा अर्थ असू शकतो. मात्र जुनी नोंद चिरंतन सत्य असते असंही नाही. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लिहिलेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना तपासणीअंती ती नसल्याचं आढळतं. कधी तो पुरळ दुसऱ्याच आजाराचा असतो, कधी अ‍ॅलर्जी वर्षांगणिक ओसरते. पण हे तपासून ठरवणं डॉक्टरांचं काम. ठरलं, तरी ती ओळ पुसायची नाही, ‘तपासून फेटाळली’ असा शेरा मारून ठेवायची.

निदानाचं भांडण इन्सुलिनमुळे झालं होतं. तातडीच्या विभागात कळलं की बाई इन्सुलिन घेतात, आणि कुणीतरी E10 हा संकेतांक निवडला. मूळ यादीत त्याचं नावच ‘इन्सुलिनवर अवलंबून असलेला मधुमेह’ असं होतं, त्यामुळे हा घोळ नेहमीचा. टाइप २चे, म्हणजे E11चे कितीतरी रुग्ण पुढे इन्सुलिनवर जातात, पण म्हणून त्यांचा आजार टाइप १ होत नाही. फरक कागदी नाही. टाइप १मध्ये इन्सुलिन बंद ठेवलं तर जिवावर बेततं. मधुमेहतज्ज्ञांनी आधीची वर्षानुवर्षं गोळ्यांवर गेलेली पाहिली, सी-पेप्टाइड तपासणी केली आणि टाइप २ कायम केलं. रेकॉर्ड विभागाने हा निर्णय कधीच घेऊ नये.

मग एक नंबर चालू ठेवून दुसरा मिटवला गेला. मिटवलेला नंबर नष्ट करत नाहीत. तो शोधला की चालू नोंदीकडे बोट दाखवतो, आणि प्रत्येक रिपोर्टवर तो मूळचा कुठल्या नंबराचा हे राहतं. उद्या जोडणी चुकीची ठरली, तर धागे सोडवायला हाच आधार. प्रयोगशाळा आणि एक्स-रे विभागाच्या संगणकांनाही बदलाचा निरोप जावा लागतो. तो चुकला तर जुन्या बारकोडच्या नळीचा रिपोर्ट बंद नंबरावर जाऊन बसतो. म्हणूनच बाई वॉर्डात दाखल असताना हे काम शक्यतो करत नाहीत.

आता १४ आकडी आभा क्रमांक आला आहे. त्याने नव्या दुबार नोंदी कमी होऊ शकतात, पण रुग्णालयात आधी साचलेल्या जोड्या तो आपोआप सोडवत नाही. तेव्हा पुढच्या वेळी केसपेपर काढताना ‘याआधी आला होता का?’ या प्रश्नाला घाईत ‘नाही’ म्हणू नका. जुनं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या, नाव आणि जन्मतारीख दर वेळी एकाच कागदावरून सांगा, आणि कुठल्या औषधाने नेमकं काय झालं होतं तेही सांगा: पुरळ, धाप की नुसती मळमळ.