तीन मिनिटांच्या उत्तरातली वही

आमच्या शेजारची एक मुलगी दोन वर्षं दुधाच्या शीतकरण केंद्रावर तपासणीचं काम करत होती. मोठ्या डेअरीतल्या नोकरीच्या मुलाखतीला जायच्या आधी ती माझ्याकडे सरावाला आली. ‘कामातली एखादी अडचण तुम्ही स्वतः सोडवलीत, असं उदाहरण सांगा,’ हा हमखास येणारा प्रश्न मी विचारला आणि तिचं उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड केलं. ते तीन मिनिटं चाललं. मग दोघींनी ते ऐकून कागदावर उतरवलं. त्याचा सारांश असा:

‘अडचणी तशा रोजच यायच्या. सुरुवातीला मला मशीनची सवय नव्हती. फॅटवरून शेतकऱ्यांशी वाद व्हायचे, तेही मी समजावून सांगायचे. एकदा वीजच गेली होती. उन्हाळ्यात तर दूध नासायचं. मग आम्ही सगळ्यांनी मिळून ते बघितलं, साहेबांनीही मदत केली, गाडीचं वेळापत्रक बदललं आणि बराच फरक पडला. टीमवर्क महत्त्वाचं असतं.’

यात खोटं काही नाही. पण वाद, वीज आणि नासलेलं दूध अशा तीन गोष्टी एकमेकींच्या आड आल्या आहेत, आणि तिनं स्वतः काय केलं ते ऐकणाऱ्याला कळतच नाही. मी तिला कागदावर पेन्सिल घेऊन एकच काम सांगितलं: ज्या वाक्यात तू काही केलंस, त्याखाली रेघ ओढ. शेतकऱ्यांना समजावण्याच्या वाक्याखाली एक रेघ पडली, पण ते कुणीही केलं असतं. दुधाच्या वाक्यात ‘आम्ही’ होतं. म्हणून विचारलं, ‘गाडीची वेळ बदलायची हे कुणाला सुचलं?’ ती म्हणाली, ‘मलाच. मी वहीत वेळा लिहीत होते ना.’ ही वही तीन मिनिटांत एकदाही आली नव्हती!

भरकटलेल्या उत्तरात बहुतेक वेळा असंच होतं. उदाहरण असतं, पण ज्याला सांगण्यासारखं वाटतं त्याच्यापाशी पोचेपर्यंत बोलणारा दमतो आणि ते एका ओळीत उरकतो. त्यामुळे आधी वही बाहेर काढली आणि बाकीच्या दोन गोष्टी खोडल्या. वाद सोडवल्याचं खोडताना तिला वाईट वाटलं. पण तेच पुढे कुणी विचारलं तर सांगता येतं.

दुसरा अडसर ‘बराच फरक पडला’ या शब्दांचा होता. बराच म्हणजे किती? तिनं केंद्रावरच्या नोंदी आठवल्या: आधीच्या आठ दिवसांत 11 कॅन परत गेले होते, नंतरच्या आठ दिवसांत 2. आकडा खरा असेल तरच सांगावा. समोरचा माणूस त्याच धंद्यातला असतो, दुसऱ्याच प्रश्नात तो पकडतो. नोंद नसेल तर ‘परत जाणं जवळजवळ थांबलं’ एवढंच म्हणावं.

नवं उत्तर असं झालं:

‘संध्याकाळचं दूध का नासतं, याचं कारण मी शोधून काढलं होतं. एप्रिलमध्ये एका रूटचे कॅन उकळून बघायच्या चाचणीत फाटायचे आणि परत जायचे. भांडी नीट धूत नाहीत, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मी आठ दिवस प्रत्येक कॅन गाडीत कधी चढला आणि केंद्रावर कधी उतरला, ते वहीत लिहिलं. फाटणारे बहुतेक कॅन एकाच गावचे निघाले. गाव केंद्राला लागूनच, पण गाडी ते कॅन आधी भरून मग पूर्ण फेरा मारायची. दूध अडीच तास गाडीत तापायचं. मी सुपरवायझरना वही दाखवली आणि ते गाव परतीच्या वाटेवर घ्यायला, संकलन उशिरा सुरू करायला सुचवलं. आधीच्या आठ दिवसांत 11 कॅन परत गेले होते, नंतरच्या आठ दिवसांत 2.’

हे मिनिटाच्या आत संपतं. मुलाखतीच्या पुस्तकांत परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम असे चार टप्पे सांगतात. ते बरोबर आहेत, पण मुलं चारही टप्प्यांना सारखा वेळ देतात, तिथं चुकतं. परिस्थितीला दोन-तीन वाक्यं पुरतात. जास्तीत जास्त जागा कृतीला द्यायची, कारण ऐकणाऱ्याला माणूस तिथेच दिसतो. आणि पहिलंच वाक्य प्रश्नाचं थेट उत्तर हवं, म्हणजे पुढचं कशासाठी ऐकायचं ते त्याला कळतं.

नीट झालं की नाही, हे तपासायला मी तिच्या आईला बोलावलं. उत्तर एकदाच ऐकवलं आणि विचारलं, ‘काकू, हिनं काय केलं?’ काकू म्हणाल्या, ‘वेळा लिहिल्या आणि गाडीचा रस्ता बदलायला लावला.’ त्यांना दूध केंद्राचं काही माहीत नाही, म्हणूनच ही चाचणी चांगली. ऐकणाऱ्याला एका वाक्यात सांगता आलं नसतं, तर आणखी खोडलं असतं.

पाठ मात्र करू दिलं नाही. पाठ केलेल्या उत्तरातला एक शब्द सुटला की पुढचं सगळं निसटतं. तिनं फक्त चार खुणा लक्षात ठेवल्या: फाटलेले कॅन, वही, शेजारचं गाव, 11 आणि 2.

मुलाखतीत प्रश्न आला. तिचं उत्तर संपल्यावर समोरच्या बाईंनी लगेच विचारलं, ‘संकलन उशिरा करायला शेतकरी तयार कसे झाले?’ मग फॅटच्या वादात माणसं कशी समजावायची ते ती बोलली.