दुखणं किती, हे दोनदा विचारायचं

ऑपरेशन म्हटलं की दुखणारच, असं म्हणून घरचे पेशंटची समजूत घालतात. दुखणार हे खरंच. पण पोटाला टाके असलेला माणूस दुखण्याच्या भीतीने खोल श्वास घेत नाही, खोकला दाबून धरतो, कूस बदलत नाही. मग छातीत कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो, हालचाल नसल्याने पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून सिस्टर या दुखण्यासाठी वेगळा आराखडा लिहितात. त्यात निदान, उद्दिष्ट, उपाय आणि मूल्यमापन असे रकाने असतात.

समजा, पंचेचाळिशीच्या एका बाईंची गर्भपिशवी गाठींमुळे पोट उघडून काढली आहे. ऑपरेशनचा दुसरा दिवस, सकाळची राउंड. ‘कसं वाटतंय?’ विचारलं तर त्या म्हणतात, ‘बरं आहे.’ आपल्याकडच्या बायका असंच म्हणतात. म्हणून सिस्टर आकडा विचारतात. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. आकडा सांगणं जमत नसेल, तर हसऱ्यापासून रडव्यापर्यंतच्या चेहऱ्यांचं चित्र दाखवतात. बाई पडल्या पडल्या 4 सांगतात. मग सिस्टर म्हणतात, ‘आता जरा खोकून दाखवा.’ बाई पोट धरतात, चेहरा आक्रसतो आणि आकडा येतो 8. खरा आकडा हाच, कारण पेशंटला खोकायचं आहे, उठायचं आहे. श्वास मिनिटाला 24, उथळ, नाडी 104.

डॉक्टरांचं निदान गर्भाशयाच्या गाठी असं होतं. सिस्टरचं निदान वेगळं : पोटावरच्या छेदामुळे तीव्र वेदना, पुरावा म्हणून खोकताना 8 हा आकडा, पोट धरणं आणि उथळ श्वास. उद्दिष्टही मोजता येईल असंच लिहायचं. ‘पेशंटला आराम वाटेल’ या वाक्याने काहीच ठरत नाही. ‘तासाभरात खोकतानाचं दुखणं 4 किंवा त्याखाली येईल आणि दुपारपर्यंत बाई आधाराने बाथरूमपर्यंत चालतील’ असं लिहिलं, की ते साधलं की नाही हे पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरलाही कळतं.

उपायांत औषध पहिलं. डॉक्टरांनी लिहिलेलं पॅरासिटामॉल, 1 ग्रॅम, शिरेतून, सहा तासांनी. दुखायला लागल्यावर नव्हे, घड्याळाप्रमाणे. चालवायचं असेल तर डोस आधी देऊन त्याचा असर होईपर्यंत थांबायचं. ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनसारखं औषध असेल, तर देण्याआधी श्वास मोजायचे आणि पेशंट हाकेला नीट ओ देतो का ते पाहायचं. श्वास दहाच्या खाली असतील किंवा गुंगी फार असेल, तर डोस थांबवून लगेच डॉक्टरांना बोलवायचं. औषधाइतकंच काम हाताचं आहे. पाठीकडची बाजू उंच करायची, गुडघ्याखाली उशी ठेवायची, म्हणजे पोटावरचा ताण सुटतो. दुसरी उशी टाक्यांवर दोन्ही हातांनी दाबून धरायला शिकवायची आणि मगच खोकायला सांगायचं. बिछान्यातून उठताना सरळ न उठता आधी कुशीवर वळायचं.

शेवटचा रकाना मूल्यमापनाचा. घाईच्या वॉर्डात नेमका तोच कोरा राहतो, आणि मला ही सर्वांत मोठी चूक वाटते. शिरेतून औषध दिल्यावर साधारण अर्ध्या तासाने, गोळी दिल्यावर तासाभराने पुन्हा तोच प्रश्न विचारायचा, पुन्हा खोकायला लावून. आपल्या उदाहरणातल्या बाई सकाळी 8 वरून 4 वर येतात, खुर्चीत बसतात. दुपारी मात्र डोस वेळेवर मिळूनही आकडा 7. इथे नुसतं आणखी एक इंजेक्शन देणं चुकीचं ठरेल. सिस्टर पांघरूण बाजूला करून पाहतात. ड्रेसिंग कोरडं, ताप नाही, रक्तदाब ठीक. पण ओटीपोट फुगून ताठ झालेलं. सकाळी लघवीची नळी काढल्यापासून बाईंना लघवीच झालेली नाही. आधाराने बाथरूमला नेऊन, नळ सोडूनही झाली नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारून पुन्हा नळी घातली जाते. अर्ध्या तासात आकडा 3. टाक्यांच्या दुखण्याआड भरलेलं मूत्राशय लपलं होतं. कधी तिथे आतला रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. नाडी वाढत आणि रक्तदाब उतरत चालला असेल, तर तो तातडीचा इशारा. आराखड्यात आता नवी ओळ येते : लघवीची वेळ आणि माप लिहिणं.

तुमचं माणूस ऑपरेशननंतर वॉर्डात असेल, तर त्याला ‘सहन कर’ म्हणू नका. खोकताना किती दुखतं तो आकडा सिस्टरना सांगा; औषधानंतरही तो उतरला नाही किंवा माणूस हाकेला नीट ओ देत नसेल, तर पुढच्या राउंडची वाट न बघता सिस्टरना बोलवा.